आकड्याची पट्टी
(प्रस्तावना)

कांदा विकून बाजार समितीतून घरी निघालेल्या शेतकऱ्याच्या खिशात एक कागद असतो. आपल्याकडे त्याला पट्टी म्हणतात. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, निव्वळ वजन, भाव, झालेली रक्कम, मग हमाली वजा, तोलाई वजा आणि सगळ्यात खाली हातात पडणारे पैसे असं सगळं त्यावर ओळीने मांडलेलं असतं. वरच्या ओळी कोऱ्या ठेवून कोणी नुसती खालची रक्कम लिहून दिली, तर कोपरगावच्या बाजारातला कुठलाही शेतकरी ती घेणार नाही. रक्कम बरोबर असेलही, पण ती आली कशी, हे त्याला पाहायचं असतं. वजाबाकी तो तिथेच उभ्या उभ्या करून बघतो.

याच शेतकऱ्यांची मुलं-मुली महाविद्यालयात सर्वेक्षणाचा प्रकल्प करतात, तेव्हा अहवालात एकच वाक्य लिहितात : ‘या अभ्यासासाठी ४६६ कुटुंबांची माहिती घेण्यात आली.’ बस्स. सुरुवातीला किती घरं निवडली होती, किती घरांना कुलूप होतं, कोणी नाही म्हटलं, किती फॉर्म अर्धवट म्हणून बाजूला काढले आणि ते कोणी व कोणत्या नियमाने काढले, यातलं काहीच नाही. वरच्या सगळ्या ओळी पुसलेली ही पट्टी असते. गेली अनेक वर्षं असे अहवाल माझ्या हातात येत आहेत आणि दर वेळी मी समासात लाल शाईने तोच प्रश्न लिहितो, ‘४६६ कुठून आले?’ बहुतेकांना उत्तर देता येत नाही. त्यांनी काही लपवलेलं नसतं. फॉर्म गोळा करताना, टंकताना, गाळताना मध्ये थांबून मोजायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि काम संपल्यावर मागे जाऊन मोजणं शक्य नसतं.

ही पुस्तिका त्या एका प्रश्नासाठी आहे. गोळा केलेल्या माहितीची छाननी करताना दर टप्प्यावर किती नोंदी होत्या, किती गेल्या, का गेल्या आणि किती उरल्या, हे असं लिहायचं की वाचणाऱ्याला शेवटच्या आकड्यावरून बोट फिरवत पहिल्या आकड्यापर्यंत जाता यावं. पुढच्या प्रकरणांत त्याच्या पद्धती आहेत. इथे मी त्यामागचा विचार एका मोठ्या उदाहरणातून आणि एका छोट्या उदाहरणातून मांडतो.

मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ऑक्टोबर १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने ही त्यातली प्रमुख नावं. ३० ते ५९ वयाच्या, गावात राहणाऱ्या बायकांची आयुष्यात एकदाच तपासणी केली तर या रोगाने होणारे मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा होती तशीच. या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. माझा विषय मात्र त्यातल्या आकड्यांच्या मांडणीचा आहे.

निष्कर्ष २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एकूण बायका १,३१,७४६. एचपीव्ही गटात ३४,१२६, पेशीतपासणीच्या गटात ३२,०५८, डोळ्यांनी पाहणीच्या गटात ३४,०७४ आणि चौथ्या गटात ३१,४८८. कागद घ्या आणि बेरीज करा, १,३१,७४६च येते. एकही बाई इकडची तिकडे झालेली नाही.

आता एकटा एचपीव्ही गट धरू आणि एकेक पायरी खाली उतरू. गटात ३४,१२६ बायका. प्रत्यक्ष तपासणी झाली २७,१९२ जणींची, म्हणजे ६,९३४ जणींची झाली नाही. तपासलेल्यांपैकी २,८१२ जणींमध्ये विषाणू सापडला आणि २४,३८० जणींमध्ये सापडला नाही. एवढ्या चार ओळींत वाचकाच्या हाती तीन वेगवेगळे भाजक आले आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. शंभरात किती जणींमध्ये विषाणू सापडला, हे काढताना २७,१९२ने भागायचं, उत्तर १०.३ टक्के. चाचणीत काही न सापडलेल्या बाईला पुढच्या काळात कितपत निर्धास्त राहता येईल, हे विचारताना २४,३८० घ्यायचे. आणि मृत्यू कमी झाले का, हे विचारताना पुन्हा वर जाऊन पूर्ण ३४,१२६ घ्यायचे, तपासणीला न आलेल्या ६,९३४ जणींसकट.

हा शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांना खटकतो. ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांना तपासणीच्या गटात कशाला मोजायचं, असं ते विचारतात. त्यासाठी न आलेली बाई डोळ्यांसमोर आणावी लागते. ती रोज मजुरीवर जात असेल, वस्तीवर लांब राहत असेल, घरचे पाठवत नसतील किंवा आधीच आजारी असेल. आलेली बाई तिच्यापेक्षा बहुधा थोड्या बऱ्या परिस्थितीतली असते. चौथ्या गटातही दोन्ही प्रकारच्या बायका असणारच, पण तिथे कोणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे कोण आली असती आणि कोण नसती, हे कळायला मार्ग नाही. आपण पहिल्या गटातून न आलेल्या ६,९३४ जणी काढून टाकल्या आणि चौथ्या गटात सगळ्याच ठेवल्या, तर एका पारड्यात निवडलेलं धान्य आणि दुसऱ्यात न निवडलेलं धान्य असा प्रकार होईल. म्हणून अभ्यासकांनी कोणालाही काढलं नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. पाठपुराव्याच्या काळाचा हिशेब करून मांडलं, तर दर लाख महिला-वर्षांमागे १२.७ आणि २५.८. मृत्यू जवळपास निम्मे, हा निष्कर्ष न आलेल्या बायकांचं ओझं अंगावर घेऊनही टिकला, त्यामुळे त्याचं वजन मोठं आहे. आणि ते ओझं घेतलं होतं हे आज मला कोपरगावात बसून सांगता येतं, कारण ६,९३४ जणी कागदावर आहेत.

याच अभ्यासात आणखी एक शिकण्यासारखी जागा आहे. तपासणीचा टप्पा संपल्यावर २००५मध्ये एक निबंध आला होता. त्यात गटांत वाटलेल्या बायकांची संख्या १,४२,७०१ दिली आहे. २००९मध्ये ती १,३१,७४६ आहे. फरक १०,९५५चा. जिल्हा तोच, मोहीम तीच. पहिल्या निबंधात तपासणी झालेल्यांचं प्रमाण ७२ ते ७४ टक्के आहे आणि दुसऱ्यातले आकडे घेऊन भागाकार केला तर तिन्ही गटांत ते ७८.५ ते ७९.७ भरतं. भाजक लहान झाला की टक्का आपोआप वर चढतो. घाईतला वाचक एका ठिकाणी ७३ आणि दुसऱ्या ठिकाणी ७९ वाचतो आणि गोंधळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला जो सोयीचा तो उचलतो. दोन्ही टक्क्यांच्या शेजारी त्यांचे भाजक छापलेले आहेत, म्हणून तर फरक दिसतो. टक्का एकटा लिहायचा नाही, असा नियम पुस्तिकेत आम्ही केला आहे तो यासाठी. ‘७३ टक्के’ असं लिहिलं की लगेच पुढे कंसात ‘इतक्यांपैकी इतके’ आलंच पाहिजे.

वैद्यकीय संशोधनात ही शिस्त आपोआप आली नाही. माणसांवरच्या चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत, याचा ‘कन्सॉर्ट’ नावाचा नियमसंच १९९६मध्ये निघाला आणि त्यात किती जणांना विचारलं, किती आले, किती मध्येच सुटले, किती शेवटी मोजले, याचा खाली उतरत जाणारा आराखडा मागितला गेला. सर्वेक्षणासारख्या निरीक्षणाच्या अभ्यासांसाठी २००७मध्ये ‘स्ट्रोब’ हा संच आला. तोही दर टप्प्यावरची संख्या आणि गळतीची कारणं मागतो. आपल्या समाजशास्त्राच्या, वाणिज्याच्या, भूगोलाच्या प्रकल्पांत मात्र हे अजून पोचलेलं नाही. खरं तर तिथेच याची जास्त गरज आहे, कारण माहिती गोळा करणारे नवखे असतात आणि गळती मोठी असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. कोपरगावात गोदावरी वाहते आणि तरी शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येणं लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे घरात पाणी किती साठवतात, हा आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय. त्यावरचं एक सरावाचं उदाहरण मी इथे घेतो. यातले आकडे मी रचलेले आहेत, कोणत्याही खऱ्या सर्वेक्षणाचे नाहीत. चुका मात्र सगळ्या मी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

समजा, यादीतून ६०० घरं निवडली. तीन वेगवेगळ्या वेळी जाऊनही ४८ घरांना कुलूप होतं. २१ घरांनी नकार दिला. भरलेले फॉर्म ५३१ आले. दोघांनी मिळून ते संगणकात भरले आणि फाइलमध्ये ओळी झाल्या ५३८! पहिला धडा इथेच मिळतो. फॉर्म ही एक मोजणी आणि ओळी ही दुसरी. गठ्ठा मोजला नसता तर ५३८ हीच सुरुवात वाटली असती. घरक्रमांकावरून पाहिलं तेव्हा सात फॉर्म दोघांनीही टंकले होते. ते सात काढले आणि ५३१ उरले. फाइल आणि गठ्ठा जुळले.

मग पात्रता. प्रश्न नळजोड असलेल्या राहत्या घरांबद्दल होता. १७ घरांना नळजोड नव्हता आणि ९ ठिकाणी घर नसून दुकान किंवा गोदाम निघालं. ही २६ गेली, उरली ५०५. पुढे साठवणीचा रकाना. ३८ फॉर्मांवर तो कोरा होता. उरले ४६७. आणि एका फॉर्मवर साठवण ५०,००० लिटर होती. पाहिल्याबरोबर एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, शून्य जास्त पडलंय, ५,००० करू का?” असं कधीही करायचं नाही. मूळ फॉर्म काढायचा. फॉर्मवरही ५०,०००च होते, आणि समासात पेन्सिलने ‘बिल्डिंगची टाकी’ असं लिहिलं होतं. आकडा खरा होता, पण तो एका घराचा नव्हता. म्हणून ते घर साठवणीच्या हिशेबातून बाजूला ठेवलं. शेवटी उरली ४६६.

यात गळतीचे दोन प्रकार झाले आणि ते एकत्र करू नयेत, हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. २६ घरं आपली नव्हतीच. ती गेल्याने निष्कर्षाचं काही बिघडत नाही, कारण आपण त्यांच्याबद्दल बोलतच नाही. उरलेली गळती आपल्या माणसांची आहे : कुलूप असलेली ४८, नकार दिलेली २१, रकाना कोरा असलेली ३८ आणि इमारतीचा आकडा देणारं १. यांच्याबद्दल आपल्याला बोलायचं होतं आणि बोलता येत नाही. अहवालात ‘१३४ नमुने विविध कारणांनी वगळले’ असं एका दमात लिहिलं की हे दोन्ही प्रकार एका पोत्यात भरले जातात. ‘विविध कारणांनी’ हे शब्द दिसले की मी अहवाल परत देतो.

आता त्या ३८ कोऱ्या रकान्यांकडे जरा जवळून बघा. प्रभागवार आणि फॉर्म भरणाऱ्याच्या नावानुसार मोजलं, तर समजा ३८ पैकी २९ एकाच मुलाचे निघाले. त्याचा गठ्ठा काढून पाहिला. साठवणीचा प्रश्न फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेला होता आणि त्याने पानच उलटलं नव्हतं. हे मी खरोखर पाहिलेलं आहे, पानांच्या पुढच्या बाजूला शाईच्या खुणा आणि मागे स्वच्छ पांढरा कागद. लोकांनी उत्तर टाळलं नव्हतं, त्यांना विचारलंच नव्हतं. ३८ हा एकच आकडा लिहून थांबलो असतो तर वाचकाला वाटलं असतं की थोडी थोडी घरं सगळीकडून गेली. प्रत्यक्षात एका भागाचा मोठा तुकडा गेला. तो भाग जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असेल, तर तिथे दाब कमी, पाणी थोडा वेळ, म्हणून लोक जास्त पिंपं भरून ठेवणार, आणि नेमकी तीच घरं हिशेबातून गेल्याने शहराची सरासरी साठवण खऱ्यापेक्षा कमी येणार. गळतीचा आकडा गटवार फोडून दिला तरच हे पकडता येतं. वेळेत पकडलं तर परत जाऊन विचारताही येतं, आणि मग ती परतफेरीसुद्धा पट्टीवर वेगळी ओळ म्हणून येते.

वगळण्याचा क्रमही लिहावा लागतो. वरच्या उदाहरणात अपात्र ठरलेल्या २६ फॉर्मांपैकी सहांवर साठवणीचा रकानाही कोरा होता असं धरा. आपण पात्रता आधी पाहिली, म्हणून ते सहा अपात्र या ओळीत मोजले गेले. कोरे रकाने आधी काढले असते तर कोरे ४४ आणि अपात्र २० असं दिसलं असतं. खाली उरणारी संख्या दोन्ही वाटांनी तीच येते, पण पट्टी वेगळी दिसते. ५३१ पैकी ४४ कोरे म्हणायचे की ५०५ पैकी ३८? नळजोड नसलेल्या घराच्या कोऱ्या रकान्याची आपल्याला चिंता नाही, म्हणून दुसरं मांडणं बरोबर. एक फॉर्म एकाच ओळीत मोजायचा आणि पात्रता नेहमी आधी पाहायची, एवढं धरून चाललं तर बेरीज-वजाबाकी कुठेही अडत नाही.

गळती मुकाट्याने होते ती बहुतेक वेळा संगणकात. एक्सेलमध्ये दुबार ओळी काढल्यावर किती काढल्या आणि किती उरल्या हे सांगणारी छोटी चौकट येते. मुलं ती न वाचता बंद करतात. तो आकडा वहीत लिहायला पाच सेकंद लागतात, आणि तेव्हा लिहिला नाही तर तो परत दिसत नाही. सरासरी काढणारं सूत्र कोरे रकाने सोडून देतं आणि त्याबद्दल काही बोलत नाही. त्यामुळे एकाच तक्त्यातल्या दोन स्तंभांच्या सरासऱ्या दोन वेगळ्या भाजकांवर उभ्या असतात आणि वर मात्र एकच ४६६ लिहिलेले असतात. जे ‘आर’ वापरतात त्यांच्यासाठी त्याहून बारीक फसगत आहे. पुढच्या ओळी पाहा. यात `nal` या रकान्यात नळ असेल तर १, नसेल तर ० आहे.

```r
d0 <- read.csv("mul.csv")
d1 <- d0[!duplicated(d0$ghar_no), ]
table(d1$nal, useNA = "always")
d2 <- subset(d1, nal == 1)
c(nrow(d0), nrow(d1), nrow(d2))
```

`subset` ही आज्ञा नळ नसलेली घरं काढते, पण ज्यांच्या फॉर्मवर नळाचा रकानाच कोरा आहे त्यांनाही काढते, आणि तेही न सांगता. शेवटच्या ओळीतली वजाबाकी केली तर दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो आणि आपण तो ‘नळजोड नाही’ या नावाने लिहून मोकळे होतो. नळ नाही हे एक, आणि नळ आहे की नाही हे माहीत नाही हे दुसरं. मधली `table`ची ओळ त्यासाठी आहे. ती गाळण्याआधी चालवायची, नंतर चालवून उपयोग नाही. दोन फाइली जोडतानाही असंच होतं, फक्त उलट्या बाजूने : एका घराला दुसऱ्या फाइलमध्ये दोन ओळी असतील तर जोडल्यावर घरं वाढतात. संख्या वाढली म्हणून कोणाला संशय येत नाही. म्हणून जोडणीच्या आधी आणि नंतरही मोजायचं.

मूळ फाइल कधीच बदलायची नाही, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावंच लागतं. यासाठी आपल्याकडे एक जुनी चांगली सवय आहे, ती म्हणजे फेरफाराची. सातबाऱ्यावर नाव बदलतं तेव्हा फेरफाराचा क्रमांक पडतो. कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कागदाच्या आधारे बदल झाला, हे त्या क्रमांकावरून शोधता येतं. माहितीतल्या प्रत्येक दुरुस्तीला असा क्रमांक द्यावा. ‘फॉर्म २१७, वय १५२ ऐवजी ५२, मूळ फॉर्म पाहून’ एवढी एक ओळ पुरते. पट्टी सांगते किती गेले, फेरफाराची वही सांगते काय बदललं. पुस्तिकेत या दोन्हींना वेगळी प्रकरणं दिली आहेत आणि ती वेगळीच ठेवावीत, कारण आकडा दुरुस्त करणं आणि माणूस वगळणं ही दोन निराळी कामं आहेत.

पट्टी नसली तर नुकसान केवढं होऊ शकतं, याचा एक दाखला बाहेरच्या जगातून देतो. २०१०मध्ये कार्मेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढीचा दर शून्याखाली, उणे ०.१ टक्क्यावर येतो. सरकारी खर्च कपातीच्या बाजूने हा आकडा अनेक देशांत पुढे केला गेला. २०१३मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या एका विद्यार्थ्याने वर्गातल्या अभ्यासासाठी तेच गणित करून पाहिलं आणि ते जुळेना. लेखकांकडून मूळ तक्ता मिळाल्यावर उलगडा झाला. २० देशांच्या यादीतले वर्णक्रमाने पहिले पाच, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंतचे, सूत्राच्या टप्प्याबाहेर राहिले होते. न्यूझीलंडची चार वर्षं घेतलीच नव्हती, त्यामुळे मोठ्या कर्जाच्या गटात त्याचं एकच, १९५१ हे अतिशय वाईट वर्ष उरलं होतं. आणि त्या एका वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांएवढंच वजन दिलं होतं. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी हे सगळं धरून सरासरी काढली, ती २.२ टक्के निघाली. दर देशाची किती वर्षं घेतली, एवढा एक स्तंभ मूळ निबंधात छापलेला असता, तर न्यूझीलंडसमोरचा १ हा आकडा कोणाही वाचकाच्या डोळ्यांत पहिल्याच दिवशी भरला असता.

पट्टीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पट्टी नीट जुळली म्हणजे माहिती खरी, असं होत नाही. झाडाखाली बसून भरलेले खोटे फॉर्मही पट्टीवर छान बसतात. त्यासाठी दहातल्या एखाद्या घरी परत जाऊन विचारणं हाच उपाय. दुसरं म्हणजे, वगळण्याचे नियम निष्कर्ष पाहून ठरवले असतील तर पट्टी प्रामाणिक दिसते आणि नसते. ‘१०,००० लिटरच्या वरचे वगळले’ हा नियम फॉर्म वाटण्याआधी लिहिला होता की सरासरी पाहिल्यावर, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून पुस्तिकेतल्या नमुन्यात नियमाच्या शेजारी तो ठरवल्याची तारीख लिहायला जागा ठेवली आहे. आणि नंतर नियम बदलावा लागलाच तर बदला, पण दोन्ही तारखा राहू द्या आणि दोन्ही नियमांनी येणारं उत्तर द्या.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाला गुण देताना नमुना मोठा आहे म्हणून जास्त गुण देऊ नका. ६०० घरांतून ४६६ उरली आणि प्रत्येक घराचा हिशेब आहे, तो प्रकल्प हजार फॉर्म भरल्याचं नुसतं सांगणाऱ्या प्रकल्पापेक्षा चांगला आहे. ‘किती वगळले’ या प्रश्नाला मुलं घाबरतात, कारण वगळणं म्हणजे आपलं काम कमी पडलं असं त्यांना वाटतं. कुलूप असलेलं घर लिहून ठेवणाऱ्या मुलाचे गुण कापले, तर पुढच्या वर्षी कुठल्याच घराला कुलूप नसेल.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक कोरी पट्टी छापली आहे. ती फाडून घ्या, पहिली ओळ, म्हणजे निवडलेल्या घरांची संख्या, आजच लिहा, आणि मगच फॉर्म वाटायला बाहेर पडा.